क्रिएटिन, मटण आणि लिपिड प्रोफाइल

कोल्हापुरात तालमीतलं पोरगं जिमला जायला लागलं, की बदामाच्या थंडाईशेजारी ताकदीसाठी घेतात त्या क्रिएटिन पावडरीचा डबा येतो. मग घरातली मोठी माणसं विचारतात, "ह्यानं हार्टला काय हुईल का रं?" खरं तर क्रिएटिन आपल्या ताटात आधीपासूनच असतं. किलोभर कच्च्या मटणात ते चार-पाच ग्रॅम भरतं, म्हणजे डब्यातल्या एका चमच्याएवढं. फरक एवढाच, की चमच्याबरोबर चरबी येत नाही.

कोलेस्टेरॉलचं म्हणाल, तर १९९६ साली एक उत्साहवर्धक अभ्यास आला होता. पाच दिवस रोज २० ग्रॅम आणि पुढे रोज १० ग्रॅम क्रिएटिन घेतल्यावर आठ आठवड्यांच्या आत ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक चरबी, वीस टक्क्यांहून जास्त उतरले. पण त्यात माणसं जेमतेम ३४, आणि सगळ्यांचं कोलेस्टेरॉल सुरुवातीलाच २०० च्या वर होतं. निरोगी माणसांत ही घट दिसली नाही. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ९८ कॉलेज फुटबॉलपटूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींनी तब्बल २१ महिने, रोज सरासरी पाच ग्रॅम क्रिएटिन घेतलं होतं. घेणारे आणि न घेणारे यांच्या रक्तातल्या चरबीत दखल घेण्याजोगा फरक सापडला नाही. २००८ चा तीन महिन्यांचा ब्राझीलमधला अभ्यासही तेच सांगतो. म्हणजे निरोगी माणसात क्रिएटिन कोलेस्टेरॉल वाढवतही नाही आणि औषधासारखं उतरवतही नाही. अर्थात ते फुटबॉलपटू तरुण होते आणि रोज घाम गाळत होते. पंचावन्नाव्या वर्षी कोलेस्टेरॉलची गोळी चालू असलेल्या माणसाने त्यांचा दाखला स्वतःला लावू नये.

मग डबा सुरू केल्यावर रिपोर्ट बदलला असं लोक का सांगतात? बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, थेट मोजत नाहीत, गणिताने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा हिस्सा वजा. समजा, एका पैलवानाचं एकूण कोलेस्टेरॉल १९६, एचडीएल ४४, ट्रायग्लिसराइड्स १५०. एलडीएल आलं १२२. महिन्याभराने त्याने रात्री अकराला तांबडा-पांढरा ओरपला आणि सकाळी सातला रक्त दिलं. एकूण १९८, एचडीएल तेच, ट्रायग्लिसराइड्स २४०. आता एलडीएल आलं १०६! तो म्हणणार, क्रिएटिनने एलडीएल सोळाने उतरवलं. प्रत्यक्षात वजाबाकीतला आकडा तेवढा फुगला. उद्या उलटं झालं, तर हाच डबा बदनाम होईल.

म्हणून तुलना करायची तर दोन्ही वेळा बारा तास उपाशी राहून, त्याच लॅबमध्ये आणि आदल्या रात्री साधं जेवून रक्त द्यावं. एलडीएलबरोबर ट्रायग्लिसराइड्सचा आकडाही बघावा. आणि त्याच कागदावर किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन किंचित वाढलेलं दिसलं, तर क्रिएटिन चालू आहे हे डॉक्टरांना आधी सांगावं. शरीरात क्रिएटिनचंच क्रिएटिनिन होतं, त्यामुळे किडनी ठणठणीत असूनही तो आकडा थोडा वर जाऊ शकतो.