फोल्डर माझा, आतली फाइल त्याची

कुणी नोकरी सोडली की तीनेक आठवड्यांनी ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो: "अरे, ती शीट कुठे गेली?" शीट कुणी मुद्दाम उडवलेली नसते. तिचा मालक गेलेला असतो आणि त्याच्यामागोमाग तीही गेलेली असते. असं का होतं हे कळायला गूगल ड्राइव्हमध्ये मालकी ही गोष्ट कशी बसवली गेली, ते थोडं मागे जाऊन बघावं लागतं.

प्रत्येक फाइलला एक मालक असावा ही कल्पना युनिक्सच्या काळापासूनची. तिथे मात्र मालक गेला तरी फाइल जात नाही. वापरकर्त्याचं खातं काढून टाकलं की फाइल डिस्कवर तशीच राहते, फक्त मालकाच्या नावाच्या जागी एक आकडा दिसू लागतो. अशा बेवारस फायली शोधायला आजही हीच आज्ञा वापरतात:

```
find / -nouser
```

ऑफिसच्या सर्व्हरवर अनेक वर्षं हेच चाललं. डिस्क संस्थेची, फाइल डिस्कवर, त्यामुळे कोण आलं नि कोण गेलं याने फारसा फरक पडत नसे.

गूगल डॉक्स 2006 मध्ये आलं ते वेगळ्या घराण्यातून. ती एका माणसाने आपल्या खात्यात दस्तऐवज लिहून चार जणांना दाखवण्याची सोय होती. फाइल खात्याची आणि जागेचा हिशेबही त्या खात्यातूनच. एप्रिल 2012 मध्ये गूगल ड्राइव्ह आला तेव्हाही हा पाया बदलला नाही. त्याने दिसायला ऑफिसच्या सर्व्हरची जागा घेतली, पण आतून तो अनेक व्यक्तींच्या कपाटांचा समूहच राहिला.

खरी गोम फोल्डरमध्ये आहे. ड्राइव्हमधला फोल्डर बराच काळ पेटी नव्हता, चिठ्ठी होता. एकच फाइल एकाच वेळी तीन फोल्डरांत ठेवता येत असे, कारण फोल्डर म्हणजे "ही फाइल या नावाखालीही दाखव" एवढीच नोंद. सप्टेंबर 2020 अखेर ही सोय बंद झाली, एका फाइलला एकच जागा उरली आणि बाकी ठिकाणी शॉर्टकट आले. मालकीचा नियम मात्र जुनाच राहिला: फोल्डरच्या मालकाला आतल्या फायलींची मालकी मिळत नाही. तुमच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये मी नवी शीट तयार केली तर मालक मी. तुम्ही ती उघडू शकता, बदलू शकता, फोल्डरमधून बाहेरही काढू शकता, पण ती कायमची पुसणं किंवा तिची मालकी दुसऱ्याला देणं माझ्याच हातात.

एका सहा जणांच्या कार्यालयात हे जवळून पाहिलं. प्रकल्पाचा फोल्डर प्रमुखबाईंनी आपल्या खात्यात केला होता, त्यामुळे "सगळं माझ्याकडेच आहे" अशी त्यांची खात्री. आत 43 फायली होत्या. 29 त्यांच्या, 14 हिशेब बघणाऱ्या सहकाऱ्याने तिथेच तयार केलेल्या. तो गेला आणि परवान्याचा खर्च वाचावा म्हणून त्याचं खातं त्याच आठवड्यात डिलीट केलं गेलं. डिलीट करताना ॲडमिनला विचारलं जातं की याच्या ड्राइव्हमधला मजकूर कुणाच्या नावे करायचा. ती पायरी घाईत वगळली गेली. डिलीट केलेलं खातं 20 दिवसांच्या आत परत आणता येतं. इथे तिमाही अहवालाच्या वेळी, म्हणजे 26व्या दिवशी, 14 फायली नाहीत हे लक्षात आलं. फोल्डर जागेवर होता, त्याचं नाव, रंग, शेअरिंग सगळं जसंच्या तसं. म्हणूनच इतके दिवस कुणाला शंका आली नाही.

ती पायरी घेतली असती तर काय झालं असतं? फायली नव्या मालकाच्या नावे झाल्या असत्या, ज्यांना त्या दिसत होत्या त्यांना दिसतच राहिल्या असत्या. यात एक खाच आहे. ॲडमिनच्या हस्तांतराच्या साधनात, कुणाशीही शेअर न केलेल्या फायली हव्या असतील तर त्याची खूण वेगळी करावी लागते. कच्चे हिशेब, अर्धवट मसुदे नेमके तिथेच असतात. आणि निव्वळ घाई टाळायची असेल तर खातं डिलीट न करता निलंबित ठेवता येतं. तेव्हा माणूस आत येऊ शकत नाही, पण त्याने शेअर केलेल्या फायली इतरांना उघडतात.

आपल्या फोल्डरमध्ये कुणाचं काय आहे हे बघायला फार काही लागत नाही. फोल्डर यादीच्या रूपात उघडून `Owner` हा रकाना वाचायचा, किंवा ड्राइव्हच्या शोधपट्टीत `owner:` लिहून पुढे त्या माणसाचा ईमेल टाकायचा. माणूस जाण्याच्या आदल्या आठवड्यात हे केलं तर काम अर्ध्या तासाचं.

उलट बाजूनेही घोळ होतो. फोल्डरच्या मालकाने फोल्डर उडवला तर तुमच्या मालकीची आतली फाइल मरत नाही, पण तिची जागा हरवते. ती `is:unorganized owner:me` असा शोध घेतला की सापडते. "फाइल गेली" म्हणून रडत आलेल्या निम्म्या लोकांना मी आधी हेच लिहून बघायला सांगतो.

यावरचा इलाज गूगलने मार्च 2017 मध्ये खुला केला, तेव्हाचं नाव टीम ड्राइव्ह. 2019 मध्ये त्याचं शेअर्ड ड्राइव्ह झालं. इथे फाइलला व्यक्ती मालकच नसते. प्रोग्रॅमरांना हे एपीआयमध्ये स्वच्छ दिसतं: शेअर्ड ड्राइव्हमधल्या फाइलचं `owners` हे क्षेत्र भरलेलं नसतं, त्याऐवजी `driveId` असतो. माणसांना मालकी नाही, भूमिका असतात. मॅनेजर, कंटेंट मॅनेजर, काँट्रिब्यूटर आणि त्याखाली शेरा देणारे व नुसते बघणारे. कुणी गेलं की एका भूमिकेतलं नाव कमी होतं, फाइल हलत नाही. एकुलता एक मॅनेजर गेला तरी ॲडमिन दुसरा नेमू शकतो. मायक्रोसॉफ्टकडेही अशीच फाळणी आहे: वनड्राइव्ह व्यक्तीचा, शेअरपॉइंटमधली फायलींची लायब्ररी टीमच्या साइटची. डिलीट केलेल्या माणसाचा वनड्राइव्ह मूळ सेटिंगनुसार 30 दिवस राखला जातो.

मग सगळे शेअर्ड ड्राइव्ह का वापरत नाहीत? एक तर सवय. दुसरं कारण जास्त खरं आहे. ड्राइव्हचा सभासद झालेल्याला आतलं सगळं दिसतं आणि एखादा उपफोल्डर त्याच्यापासून झाकण्याची सोय कित्येक वर्षं नव्हतीच. पगाराची शीट असलेला माणूस ती आपल्याच खात्यात ठेवत राहिला, यात त्याची काही चूक नव्हती.

सर्वांत अडचणीचं प्रकरण म्हणजे घरच्या जीमेलवरून केलेला ऑफिसचा फोल्डर. त्या खात्यावर संस्थेच्या ॲडमिनचा काडीचा अधिकार नाही आणि घरगुती खात्याकडून ऑफिसच्या खात्याकडे मालकी थेट देताही येत नाही. बहुतेक वेळा उरतं ते प्रत काढणं. प्रतीला नवा पत्ता मिळतो, जुन्या लिंका जुन्याच फाइलकडे जातात, आणि मागच्या आवृत्त्यांचा इतिहास मूळ फाइलपाशीच राहतो. ते मूळ खातं दोन वर्षं वापराविना पडलं तर गूगलच्या डिसेंबर 2023 पासून लागू झालेल्या धोरणानुसार तेही काढून टाकलं जाऊ शकतं.