पंपांचा वाटा १८ टक्के, तरी कंपनी पंपांचीच

एक कंपनी पाच कामं करते. दुसऱ्या कारखान्यांतली शेतीयंत्रं आणून ती घाऊक विकते; त्यातून तिच्या एकूण मूल्यवर्धनाचा, म्हणजे तिने स्वतः घातलेल्या भरीचा, ३० टक्के भाग येतो. विजेच्या मोटारी, म्हणजे गाड्या नव्हे तर यंत्रं फिरवणाऱ्या मोटारी, बनवून विकते, त्यातून २४ टक्के. पंप बनवते, १८ टक्के. सिंचन योजनांचे तांत्रिक आराखडे करून देते, १६ टक्के. उरलेले १२ टक्के स्वतः बनवलेल्या शेतीयंत्रांचे. ही कंपनी कुठल्या क्षेत्रातली? सगळ्यात मोठा आकडा घाऊक व्यापाराचा आहे, पण संयुक्त राष्ट्रांच्या ‘आयसिक’ या उद्योग वर्गीकरणाच्या नियमाने तिला पंपांचा संकेतांक मिळतो: २८१३.

हा संकेतांक पायरीपायरीने उलगडतो. सर्वांत वर एक अक्षर असतं. ‘सी’ म्हणजे वस्तुनिर्मिती, ‘जी’ म्हणजे व्यापार. पहिले दोन अंक, २८, यंत्रसामग्रीचे. तिसऱ्या अंकाने २८१ झालं की सर्वसाधारण उपयोगाची यंत्रं, आणि चौथ्याने २८१३ म्हणजे पंप, कॉम्प्रेसर, नळ आणि झडपा. (हे सगळे क्रमांक चौथ्या आवृत्तीतले आहेत.)

निवडही याच पायऱ्यांनी, वरून खाली होते. आधी अक्षर ठरवायचं. मोटारी २४, पंप १८ आणि शेतीयंत्रं १२ मिळून वस्तुनिर्मितीचे ५४ टक्के होतात. व्यापाराचे ३०, तांत्रिक सेवांचे १६. म्हणजे ‘सी’, आणि व्यापार इथेच बाद. आता फक्त ‘सी’च्या आत बघायचं. पंप आणि शेतीयंत्रं दोन्ही २८ मध्ये येतात, बेरीज ३०. मोटारी विद्युत उपकरणांच्या २७ मध्ये, २४. म्हणून २८. त्याच्या आत पंपांचा गट २८१ म्हणजे १८, शेतीयंत्रांचा २८२ म्हणजे १२. पंप जिंकले. उलट दिशेने, म्हणजे थेट सर्वांत मोठा चार अंकी वर्ग उचलला असता, तर निम्म्याहून जास्त मूल्य कारखान्यात निर्माण करणारी कंपनी व्यापारी म्हणून नोंदली गेली असती.

मोजमाप मूल्यवर्धनाचं आहे, उलाढालीचं नाही. विक्रीतून बाहेरून घेतलेला माल आणि सेवा वजा केल्यावर जे उरतं ते मूल्यवर्धन. ९० ला आणलेलं यंत्र १०० ला विकलं तर उलाढाल १०० दिसते, पण कंपनीची भर जास्तीत जास्त १० ची. आराखड्याच्या कामात बाहेरून घ्यायचं फारसं काही नसतं, त्यामुळे १०० च्या बिलातला बराच मोठा भाग मूल्यवर्धनच असतो. मूल्यवर्धनाची माहिती नसली की उलाढाल, कामगारसंख्या किंवा पगार यांवर भागवावं लागतं, आणि उलाढाल वापरली की व्यापाराचा वाटा फुगतो. संकेतांक घाऊक व्यापाराचा आणि बहुतेक माणसं मात्र कारखान्यात, असं दिसलं तर आधी हीच शंका घ्यावी.

कुठलं काम वेगळं मोजायचं, इथेही घोटाळा होतो. स्वतः बनवलेले पंप विकणं हा वेगळा व्यापार नाही, तो निर्मितीचाच भाग. कंपनीचे ट्रक फक्त तिचाच माल नेत असतील तर त्यांना वाहतुकीचा संकेतांक नाही. तेच ट्रक इतरांचा माल भाड्याने नेऊ लागले की ते वेगळं काम ठरतं.

आता याच कंपनीच्या नावापुढे अनेक संकेतांक का दिसतात? पहिलं कारण साधं: २८१३ हा मुख्य, बाकीचे चार दुय्यम. दुसरं कारण मोजणीच्या एककाचं. पूर्ण कंपनी २८१३ असली तरी फक्त मोटारी बनवणारा तिचा कारखाना स्वतंत्रपणे मोजला तर २७१० येतो आणि विक्रीचं केंद्र ४६५३. तिन्ही बरोबर आहेत. म्हणूनच कंपन्यांवरून काढलेला ‘मोटार उद्योगातला रोजगार’ आणि कारखान्यांवरून काढलेला रोजगार जुळत नाही. इथल्या मोटार कारखान्यातली माणसं कंपन्यांवरून काढलेल्या आकड्यांत पंप उद्योगात जाऊन बसतात.

तिसरं कारण, वर्गीकरणंच वेगवेगळी आहेत. शेअर बाजारासाठी १९९९ मध्ये तयार झालेलं ‘जिक्स’ प्रत्येक कंपनीला आठ अंकी एकच संकेतांक देतं आणि मुख्यतः महसूल बघतं. त्यात पंप बनवणारे, मोटारी बनवणारे आणि यंत्रांचे घाऊक वितरक हे सगळे ‘औद्योगिक’ या एकाच क्षेत्रात येतात. ‘आयसिक’मध्ये ज्या सीमेवर सगळा निकाल फिरला, ती इथे क्षेत्राच्या पातळीवर नाहीच.

चौथं कारण काळाचं. पुढच्या वर्षी मोटारींचा वाटा २८ आणि शेतीयंत्रांचा ८ झाला, तर २७ चे २८ टक्के आणि २८ चे २६. संकेतांक लगेच २७१० व्हायला हवा. पण दर वर्षी असं होऊ लागलं तर आकडेवारीत उद्योगच उड्या मारताना दिसतील. म्हणून युरोपच्या ‘नेस’ वर्गीकरणात साधारणपणे दोन वर्षं वाट पाहूनच मुख्य व्यवसाय बदलतात. नोंदणीच्या वेळी कंपनीने स्वतः भरलेला संकेतांक तर कित्येकदा पुढे कोणी बदलतच नाही. तो किती जुना आहे हे ओळखायची खूण म्हणजे त्याची आवृत्ती: आजच्या यादीत तो क्रमांक सापडत नसेल, किंवा सापडूनही त्याचं वर्णन कंपनीच्या कुठल्याच कामाशी जुळत नसेल, तर तो जुन्या यादीतला असण्याची शक्यता मोठी.