कन्फर्म्ड म्हणजे गॅरंटीड नव्हे

हॉटेलात ओव्हरबुकिंग का करतात, हे डेस्कवरच्या माणसाला सांगायला नको. काही पाहुणे येतच नाहीत, म्हणून चार बुकिंग जास्तीची घ्यायची. घोळ होतो तो खोल्या खरंच कमी पडतात त्या रात्री. तेव्हा जो तो 'कन्फर्म्ड आहे' एवढंच बघतो.

कन्फर्म्ड बुकिंगवर खोली ठरलेल्या वेळेपर्यंतच राखतात, बहुधा संध्याकाळी सहापर्यंत. पैसे घेतलेले नसतात, त्यामुळे सहानंतर ती विकायला हॉटेल मोकळं. गॅरंटीडमध्ये ॲडव्हान्स, कार्ड किंवा कंपनीचं पत्र असतं. पाहुणा आला नाही तरी एका रात्रीचे पैसे आपण घेतो. म्हणून तो रात्री दोनला आला तरी खोली त्याचीच. उशिरा येणाऱ्यानंच तर गॅरंटी घेतलेली असते!

समजा, ८० खोल्यांचं हॉटेल. एक खोली एसी गळतोय म्हणून बंद, ४७ पाहुणे आधीपासून राहतायत. उरल्या ३२. येणारे ३८: ३३ गॅरंटीड, ५ नुसते कन्फर्म्ड. त्या पाचांतले दोघे सहाच्या आत आले, खोल्या राहिल्या ३०. बाकीच्या तिघांचं बुकिंग सहाला सुटलं. गॅरंटीडमधल्या दोघांनी रद्द केलं, म्हणजे ३० खोल्यांना ३१ जण. दुसऱ्या हॉटेलात हलवायचा फक्त एक. पण नऊ वाजता त्या तिघांतला एकजण कन्फर्मेशनचा मेल नाचवत आला आणि डेस्कवरच्या पोरानं घाबरून त्याला किल्ली दिली, की साडेअकराच्या विमानानं येणारा आणखी एक गॅरंटीड पाहुणा रस्त्यावर. नऊवाल्याला नम्रपणे 'नाही' म्हणायचं, जवळच्या हॉटेलात फोन लावून द्यायचा. बिल त्याचं त्यानं भरायचं.

गॅरंटीडवाल्याला हलवलं तर खर्च सगळा आपला: तोडीस तोड किंवा वरच्या हॉटेलात पहिल्या रात्रीचं भाडं करासकट, गाडी, आणि घरी-ऑफिसात कळवायला फोन. त्याच्या नावाने येणारे फोन नव्या हॉटेलात जोडायचे, हे ऑपरेटरलाही सांगून ठेवायचं. कुणाला हलवायचं? 'सगळ्यात शेवटी येईल त्याला' ही पद्धत मला अजिबात पटत नाही. संध्याकाळीच अरायव्हल लिस्ट घेऊन बसावं आणि एकट्या, एकाच रात्रीसाठी येणाऱ्याला निवडावं. लहान मुलं घेऊन येणारे, वयस्कर आणि नेहमीचे पाहुणे वगळावेत. दुसरीकडची खोली पक्की झाल्यावरच, तो विमानतळावरून निघण्याआधी ड्युटी मॅनेजरनं स्वतः फोन करावा.

आणि 'सिस्टीममध्ये एरर आला सर' हे तेवढं बंद करा. पाहुण्याला कळतं. 'आम्ही जास्त बुकिंग घेतलं, चूक आमची' म्हणावं. उद्याही मुक्काम असेल तर सकाळी गाडी पाठवून परत आणावं आणि खोलीचं कार्ड गाडीतच हातात द्यावं, म्हणजे त्याच काउंटरवर पुन्हा ताटकळणं नको.