टीपीओ वेगळा आणि प्राध्यापक वेगळे, एकदा लिहूनच टाकतो

"त्या कॉलेजात आपली ओळख आहे" असं कॉलेजातून भरती करणारं कुणी म्हणालं की मी पहिलं विचारतो, कुणाशी? टीपीओशी, म्हणजे कॉलेजच्या ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसरशी, की डिपार्टमेंटमधल्या सरांशी? समोरचा म्हणतो, काय फरक पडतो, कॉलेज तर एकच ना. इथेच सगळं बिनसतं.

प्लेसमेंट सेलचं काम भरती करणाऱ्या बहुतेकांना पाठ असतं. जेएनएफ म्हणजे नोकरीच्या माहितीचा फॉर्म भरा, पॅकेज लिहा, तारीख घ्या, पीपीटी म्हणजे मुलांपुढे कंपनीची ओळख, टेस्ट, इंटरव्ह्यू, संपलं. टीपीओला वर्षाअखेर किती मुलं लागली आणि पगार किती ते दाखवायचं असतं, एनआयआरएफच्या रँकिंगमध्येसुद्धा मेडियन पगार धरला जातो, त्यामुळे शंभर मुलं उचलणारी कंपनी आधी आणि चार जागावाली आपली कंपनी नंतर, यात रागवायचं काही नाही.

आता सर. सरांच्या हातात तारीख नाही, ऑफर देणं नाही, यादी नाही. पण कुठल्या पोराने लॅब बंद होईपर्यंत बसून बोर्ड चालू केला आणि कुणी प्रोजेक्ट विकत आणला, हे सरांनाच माहीत असतं, टीपीओच्या एक्सेलमध्ये ते कुठेच नसतं. थोडक्यात टीपीओ परवानगी देतो आणि सर माहिती देतात.

पण लोक खरे आपटतात ते पुढच्या ठिकाणी. सरांनी सांगितलेलं नाव टीपीओच्या यादीत आपोआप येत नाही!

आमचंच सांगतो. भोसरीत छोटी एम्बेडेड कंपनी, वर्षाला चार ट्रेनी लागतात. पहिल्या वर्षी जेएनएफमध्ये सवयीने 'थ्रूआउट सिक्स्टी' टाकलं, म्हणजे दहावी बारावी डिग्री सगळीकडे साठ टक्के. ऑक्टोबरअखेरची तारीख मिळाली, तोवर मोठ्या कंपन्या येऊन गेलेल्या. सहा ऑफर दिल्या, जॉइन झाले दोघं. वर इलेक्ट्रॉनिक्सच्या एका सरांनी दोन महिने आधी एका मुलीचं नाव आवर्जून सांगितलं होतं, ती टेस्टला आलीच नाही. आम्हाला वाटलं तिला इंटरेस्ट नसेल. नंतर कळलं, बारावीला 57 टक्के होते म्हणून तिला फॉर्मच भरता आला नव्हता. ती अट कुणी घातली होती? आम्हीच.

दुसऱ्या वर्षी उलटं केलं. जानेवारीतच, पोरं टीईला म्हणजे तिसऱ्या वर्षाला असताना, एचओडींना भेटलो आणि बीईच्या शेवटच्या वर्षासाठी दोन प्रोजेक्टचे विषय दिले, सोबत बोर्ड दिले आणि आमचा एक इंजिनिअर महिन्यातून दोन शनिवार जायचा. टीपीओलाही त्याच आठवड्यात भेटून हे सांगून ठेवलं, चोरून काही नको. जुलैमध्ये जेएनएफ टीपीओकडेच भरला, फक्त अट बदलली, लाइव्ह बॅकलॉग, म्हणजे अजून न सुटलेला विषय, नको एवढंच ठेवलं. अट सैल केली की गर्दी वाढते हे खरंय, म्हणून टेस्टमध्ये एमसीक्यू काढून टाकले आणि एक बिघडलेला सर्किट डायग्राम दिला, चूक शोधा म्हटलं. चार ऑफर दिल्या, तिघं जॉइन झाले, आणि तिघंही त्या शनिवारवाल्या ग्रुपमधले, म्हणजे आम्ही काय करतो आणि पगार किती हे आधीच माहीत असलेले. चौथ्याला जास्त पॅकेज मिळालं, गेला, त्याला इलाज नाही.

सरांना विचारायचं कसं यालाही पद्धत आहे. "हुशार मुलं सांगा" म्हटलं की टॉपरची नावं येतात, ती तर मार्कशीटवरही दिसतात. मी विचारतो, कुणाचं प्रोजेक्ट मध्येच बंद पडलं होतं आणि त्याने ते कसं शोधून काढलं? सर दोन मिनिटं विचार करून किस्सा सांगतात, तेच नाव घ्यायचं. लगेच आठ नावं आली तर समजायचं, सर उपकार करताहेत.

आणि ते व्हॉट्सॲपवर "सर तुमच्या पोरांचे बायोडेटा पाठवा ना" बंद करा राव. सर भिडेखातर पाठवतात, टीपीओला कळतं, अनेक कॉलेजांत एक मुलगा एक ऑफर असा नियम असतो त्यात ही बाहेरची ऑफर बसत नाही, आणि पुढच्या वर्षी तुमच्या मेलला उत्तर येत नाही. बोलणी सर खातात ते वेगळंच. सरांना पर कँडिडेट पाकीट देणारे तर माझ्या डोक्यातच जातात. लेक्चर किंवा कन्सल्टन्सीचे पैसे द्यायचे तर कॉलेजच्या खात्यावर, पत्र लिहून.

एक लक्षात ठेवा, टीपीओ बदलतात. आमचे तीन वर्षांत दोन बदलले, दरवेळी पहिल्यापासून ओळख. प्रोजेक्ट गाइड मात्र तेच आहेत, आणि नवीन टीपीओकडे आम्हाला घेऊन गेले तेही तेच.