एका सेकंदाची मर्यादा: कीबोर्डवर अक्षरं पुन्हा पुन्हा का उमटतात

ज्यांची बोटं कळेवरून उशिरा सुटतात, त्यांच्या लिखाणात एक ठरावीक खूण दिसते. "पुणे" लिहायचं असतं आणि पडद्यावर "पपपपपपुणे" येतं. पार्किन्सन्स, अर्धांगवायूनंतरचा अशक्तपणा, सेरेब्रल पाल्सी, संधिवात अशी कारणं वेगवेगळी असतात, पण परिणाम एकच. मग खोडायला बॅकस्पेस दाबून धरावा, तर तो थांबवायच्या आत आधीचा चांगला शब्दही गेलेला असतो. यावर संगणकात दोन सेटिंग असतात. दाबून धरलेलं अक्षर किती वेळाने दुसऱ्यांदा उमटू लागावं हे पहिलं ठरवतं, आणि एकदा उमटू लागल्यावर किती वेगाने उमटत राहावं हे दुसरं. विंडोजच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये पहिल्या पट्टीवर फक्त चार थांबे आहेत आणि सगळ्यात लांबचा थांबा एका सेकंदाचा आहे. अनेकांना तेवढा पुरत नाही. तो तिथेच का थांबतो याचं उत्तर १९८४ सालच्या एका यंत्रात आहे.

त्याआधीची परिस्थिती अगदी वेगळी होती. हाती चालणाऱ्या टाइपरायटरवर कळ कितीही वेळ दाबून ठेवली तरी अक्षर एकदाच उमटायचं, कारण खिळ्याचा दांडा कागदावर एकदा आपटून मागे पडायचा. आपल्याकडे टंकलेखन संस्थांमधून शिकलेल्या पिढ्यांचे हात याच यंत्रावर घडले. विजेच्या टाइपरायटरवर पुनरावृत्ती आली, पण मोजक्या कळांपुरती. आयबीएमच्या यंत्रांवर स्पेस, बॅकस्पेस आणि आडवी रेघ दाबून धरली की पुन्हा पुन्हा चालायची. अक्षरांना ती सोय नव्हती आणि कोणाला हवीही नव्हती.

संगणकाच्या सुरुवातीच्या काळात पुनरावृत्तीसाठी स्वतंत्र कळ असायची. टेलिटाइप मॉडेल ३३ वर आणि १९७७ च्या ॲपल २ वर `REPT` लिहिलेली कळ होती. अक्षर आणि ती कळ एकाच वेळी धरली तरच अक्षरांची रांग लागायची. ज्याचा एकच हात चालतो त्याला हे अवघड होतं, हे खरं. पण बोट उशिरा उचलणाऱ्याला या रचनेत कसलाच धोका नव्हता, कारण पुनरावृत्ती मागितल्याशिवाय मिळतच नव्हती. १९८३ च्या ॲपल २ई मध्ये ती आपोआप होऊ लागली. माझ्या मते इथे काहीतरी गमावलं गेलं. सोय सर्वांना मिळाली, पण ती नाकारण्याचा मार्ग त्याबरोबर आला नाही.

आयबीएम पीसीने तर १९८१ मध्येच ही पद्धत पक्की केली होती. त्याच्या कीबोर्डमध्ये स्वतःची एक छोटी चिप होती. कळ अर्धा सेकंद दाबलेली राहिली, की तीच चिप सेकंदाला सुमारे दहा वेळा ती कळ पुन्हा दाबल्याचं कळवायची. संगणकाकडून कीबोर्डला "जरा थांब" असं सांगण्याची सोयच नव्हती, कारण माहिती फक्त कीबोर्डकडून संगणकाकडे जायची. त्यात आणखी एक त्रास होता. आलेल्या कळा साठवायला पंधरा जागांची एक रांग असे, आणि प्रोग्राम मागे पडला तर बोट उचलल्यानंतरही त्या रांगेतली अक्षरं पडद्यावर येत राहायची.

१९८४ च्या आयबीएम पीसी एटीने ही अडचण सोडवली, आणि आजची मर्यादाही तिथेच ठरली. एटीच्या कीबोर्डला संगणक आज्ञा पाठवू शकत होता. त्यातली `F3` ही आज्ञा पुनरावृत्तीसाठी होती. तिच्यामागून एक बाइट जायचा. त्या बाइटमधले पाच बिट वेगासाठी राखलेले होते, म्हणून वेगाचे बत्तीस टप्पे मिळाले: सेकंदाला ३० पासून सेकंदाला २ पर्यंत. थांबण्याच्या वेळेसाठी मात्र दोनच बिट होते. दोन बिटांत चारच आकडे मावतात, आणि त्यांना पाव, अर्धा, पाऊण आणि एक सेकंद असे अर्थ दिले गेले. कीबोर्ड चालू झाल्यावर आपोआप अर्धा सेकंद आणि सेकंदाला १०.९ अक्षरं धरली जायची.

हा निर्णय वाईट हेतूने झाला असं मुळीच नाही. ज्यांनी तो घेतला त्यांच्यासमोर झपाझप टाइप करणारा कर्मचारी होता, आणि त्याच्या दृष्टीने एक सेकंद म्हणजे फार मोठा वेळ. पण त्या दोन बिटांवर पुढचं सगळं उभं राहिलं. १९८८ च्या डॉस ४ मध्ये सामान्य माणसाला हे बदलता येऊ लागलं, तेही याच चौकटीत:

```
mode con rate=1 delay=4
```

म्हणजे सगळ्यात मंद वेग आणि सगळ्यात लांब थांबा: एक सेकंदानंतर, सेकंदाला दोन अक्षरं. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधली पट्टी हीच आज्ञा चित्ररूपात दाखवते. म्हणून रजिस्ट्रीतही `KeyboardDelay` ची किंमत ० ते ३ आणि `KeyboardSpeed` ची ० ते ३१ इतकीच असते. आजचा यूएसबी कीबोर्ड पुनरावृत्ती स्वतः करत नाही, ते काम संगणकाकडे आलं आहे. तांत्रिक अडसर गेला, पण चार थांबे तसेच राहिले.

आकडे मांडून पाहिलं की दोन सेटिंगचं काम वेगळं दिसतं. एखाद्याचं बोट साधारण ०.७ सेकंद कळेवर राहतं असं धरू. थांबा अर्ध्या सेकंदाचा असेल, तर उरलेल्या ०.२ सेकंदात जुन्या एटीवर तीन जादा अक्षरं येतील. आजच्या विंडोजमध्ये वेग मुळातच सेकंदाला ३० असतो, तिथे सात येतील. थांबा पाऊण सेकंदावर नेला की एकही येणार नाही, मग वेग कितीही असो. पण थकल्यावर हेच बोट कधी १.२ सेकंद राहिलं, तर एका सेकंदाचा थांबाही अपुरा पडतो आणि पुन्हा सात अक्षरं येतात. तेव्हा वेग सेकंदाला दोनवर असेल तर नुकसान एका अक्षरावर थांबतं. थोडक्यात, चूक होईल की नाही हे थांबा ठरवतो, आणि झालीच तर केवढी हे वेग ठरवतो.

बॅकस्पेसला वेग जास्त नडतो. थांबायचं ठरवल्यापासून बोट प्रत्यक्ष सुटेपर्यंत ०.३ सेकंद गेले, तर सेकंदाला ३० या वेगाने नऊ जादा अक्षरं खोडली जातात. मराठीत याचा जाच अधिक होतो. "क्षी" दिसायला एक अक्षर आहे, पण ते क, हलंत, ष आणि दीर्घ वेलांटी अशा चार खुणांचं बनलेलं असतं, आणि बॅकस्पेस सहसा एका वेळी एकच खूण खोडतो. म्हणून लिहिणारा नाइलाजाने तो दाबून धरतो. उलट दिशेला, वेलांटी दाबलेली राहिली तर दुसरी वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली दिसते. काही फाँटमध्ये जादा अनुस्वार पहिल्यावरच छापला जातो, नजरेला चुकतो, आणि नंतर तो शब्द शोधला तर सापडत नाही.

एका सेकंदाच्या पलीकडची वाट वेगळ्या ठिकाणी तयार झाली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरमध्ये ग्रेग व्हँडरहायडन आणि त्यांचे सहकारी अपंग व्यक्तींसाठी कीबोर्डच्या सोयी तयार करत होते. डॉससाठी त्यांनी ॲक्सेसडॉस केलं, आणि विंडोजसाठी केलेलं त्यांचं काम विंडोज ९५ मध्ये मुळातच समाविष्ट झालं. त्यांनी कीबोर्डच्या चिपवर विसंबणं सोडलं आणि येणाऱ्या कळा सॉफ्टवेअरमध्ये गाळल्या. त्यामुळे दोन बिटांची अट उरली नाही, वेळ मिलिसेकंदांत लिहिता येऊ लागली आणि पुनरावृत्ती पूर्ण बंदही करता आली. विंडोजमध्ये या सोयीला फिल्टर कीज म्हणतात. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की ती चालू होते. कोणाच्या मदतीशिवाय चालू करता यावी म्हणून केलेली ही योजना मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत विचारी गोष्ट वाटते.

किती वेळ पुरेसा, हे पुढे नियमांतही आलं. अमेरिकेच्या पुनर्वसन कायद्यातल्या कलम ५०८ च्या २००० सालच्या मानकांनी सांगितलं, की थांबा किमान दोन सेकंदांपर्यंत वाढवता आला पाहिजे आणि वेग दोन सेकंदांना एक अक्षर इतका कमी करता आला पाहिजे. युरोपच्या ईएन ३०१ ५४९ मध्ये, पुनरावृत्ती बंद करता येत नसेल तेव्हा हीच अट आहे. भारताचं आयएस १७८०२ हे मानक त्याच युरोपीय मानकाच्या आधारे बेतलेलं आहे. कंट्रोल पॅनेलची पट्टी या मापाच्या निम्म्यावरच थांबते. बाकीचा निम्मा भाग फिल्टर कीजमध्ये आहे, आणि ज्याला गरज आहे त्याला बहुतेक वेळा पहिलीच जागा सापडते.

फिल्टर कीजमध्ये एक खाचही आहे. ती चालू केली की सुरुवातीला स्लो कीजही लागू असतात, म्हणजे कळ पूर्ण सेकंदभर दाबल्याशिवाय अक्षर उमटतच नाही. हलक्या स्पर्शाने लिहिणाऱ्याला कीबोर्ड बिघडल्यासारखा वाटतो आणि तो सोय बंद करून टाकतो. ज्याची अडचण फक्त उशिरा सुटणाऱ्या बोटाची आहे, त्याने स्लो कीज बंद ठेवून रिपीट कीज तेवढ्या वापराव्यात. लिनक्सच्या ग्नोममध्ये हे सरळ आहे, आकडे मिलिसेकंदांत द्यायचे:

```
gsettings set org.gnome.desktop.peripherals.keyboard delay 1500
gsettings set org.gnome.desktop.peripherals.keyboard repeat-interval 1000
```

हे सगळं करूनही अक्षरं दुप्पट होत असतील, तर पुनरावृत्ती पूर्ण बंद करून थोडं लिहून पाहावं. तरीही "पपुणे" आलं, तर कारण दाबून धरणं नाही. बोट थरथरून कळ खरोखर दोनदा दाबली जाते आहे, आणि त्यासाठी बाउन्स कीज हे वेगळं सेटिंग आहे. ते लागोपाठचा दुसरा स्पर्श ठरलेल्या वेळेपर्यंत मोजत नाही. दुप्पट होणारी कळ नेहमी एकच असेल, तर ती कळच खराब आहे. आणि दूरच्या संगणकावर इंटरनेटवरून काम करतानाच फक्त रांग लागत असेल, तर बोट सुटल्याचा निरोप उशिरा पोहोचतो आहे. अशा वेळी आपल्या नव्हे, पलीकडच्या संगणकावरची पुनरावृत्ती बंद करून पाहावी.