रबरी पाठीची पायपुसणी (मशीनमधील धुलाई)

बाथरूमबाहेर किंवा दारात घातलेले पायपुसणे जमिनीवर घसरू नये म्हणून त्याच्या खालच्या बाजूला रबराचा थर दिलेला असतो. स्वस्त पायपुसण्यांत हा थर बहुधा लॅटेक्सचा असतो. लॅटेक्समध्ये खडूची बारीक पूड मिसळून ते कापडावर पातळ पसरतात आणि भट्टीत सुकवतात. थर जुना झाला की आधी रबर कडक पडते. मग त्याने धरून ठेवलेली खडूची पूड सुटू लागते आणि धुताना पाठीचे पापुद्रे नि पांढरट भुगा निघतो. दोष मशीनचा वाटतो, पण रबर त्याआधीच खराब झालेले असते. मशीन फक्त ते सैल झालेले सुटे करते.

रबर खराब करणाऱ्या मुख्य गोष्टी म्हणजे उष्णता, ऊन, क्लोरीनचे ब्लीच आणि तेल. तेलाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. अंगाला तेल लावून आंघोळ केली की तळव्यांवरचे तेल धाग्यांतून खाली झिरपते. तेलाने रबर फुगते, मऊ पडते आणि कापडापासून सुटते. अशा घरात पायपुसणे आठवड्याला धुतलेले बरे, कारण साचलेले तेल काढण्यासाठी पुढे गरम पाणी वापरण्याचा मोह होतो आणि गरम पाण्यानेच पाठ सर्वात लवकर जाते.

धुण्याआधी एक कोपरा रबर बाहेरच्या बाजूला येईल असा दुमडावा आणि घडीवर गडद रंगाचे फडके चोळावे. फडक्याला काही लागले नाही आणि घडीवर भेग दिसली नाही, तर पायपुसणे मशीनमध्ये घालायला हरकत नाही. पांढरी पूड लागली किंवा केसासारख्या भेगा उमटल्या, तर ते टबात थंड पाण्यात हाताने, न पिळता धुवावे. काथ्याची पायपुसणी मशीनमध्ये घालूच नयेत. त्यांचे तंतू सुटतात आणि पाणी शोषून ती फार जड होतात.

समजा, सात किलोच्या फ्रंट लोड मशीनमध्ये साधारण ४० × ६० सेंटिमीटरची दोन पायपुसणी धुवायची आहेत. आधी ती गॅलरीच्या कठड्यावर आपटून माती आणि केस झाडून टाकावेत. सोबत दोन जुने टॉवेल घालावेत. एकटे पायपुसणे ड्रमच्या एका बाजूला चिकटून बसते. रबरातून पाणी आरपार जात नसल्याने त्याच्या घडीत पाणी अडकून राहते, वजन एकीकडे जाते, मशीन हादरते आणि कधी पिळायलाच नकार देते. टॉवेलांमुळे वजन विभागले जाते. रबराची बाजू आत ठेवून पायपुसणी सैल गुंडाळावीत आणि जाळीच्या मोठ्या पिशवीत घालावीत, म्हणजे सुटलेले मोठे तुकडे पिशवीतच राहतात.

पाणी थंड किंवा फार तर ३० अंश आणि प्रोग्रॅम नाजूक कपड्यांचा असावा. लिक्विड डिटर्जंट एक मोठा चमचा पुरे. जास्त घातले तर घट्ट धाग्यांत फेस अडकतो. एक जादा रिन्स द्यावी. ब्लीच आणि फॅब्रिक सॉफ्टनर घालू नये, कारण सॉफ्टनरचा थर बसला की धागे पाणी कमी शोषतात. पिळण्याचा वेग मिनिटाला ४०० फेऱ्या ठेवावा, ६०० च्या वर नेऊ नये. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये वॉश टबात तीन-चार मिनिटे हलका प्रोग्रॅम लावावा. स्पिनर मात्र टाळावा, अरुंद टबात पायपुसणे एका बाजूला दाबले जाऊन टब धडधडतो.

मशीन थांबल्याबरोबर पायपुसणी काढावीत. ड्रममध्ये दुमडलेली तशीच राहिली तर घडीच्या जागी रबराला वळ पडतो आणि पुढची भेग तिथेच येते. वाळवताना शेजारशेजारच्या दोन दोऱ्यांवर आडवे टाकावे, म्हणजे मध्ये तीक्ष्ण घडी पडत नाही. सावली आणि वारा असावा; उन्हात वाळवायचेच असेल तर धाग्यांची बाजू वर ठेवावी. ड्रायर आणि इस्त्री नको. पावसाळ्यात पंख्याखाली वाळवताना धागे कोरडे लागले तरी कापड आणि रबर यांच्यामध्ये ओल राहते. जमिनीवर अंथरण्याआधी खालची बाजू हाताने दाबून पाहावी. गार लागली तर अजून वाळायचे आहे.

भुगा निघालाच तर तो दाराच्या रबरी गॅस्केटच्या खाचेत आणि पंपाच्या फिल्टरमध्ये सापडतो. फ्रंट लोडचा हा फिल्टर बहुधा खालच्या कोपऱ्यातल्या छोट्या झाकणामागे असतो. मशीनचा प्लग काढावा, खाली ताट ठेवून पाणी उतरू द्यावे आणि फिल्टर उघडून तुकडे हाताने काढावेत. नंतर मशीन रिकामे ठेवून एकदा रिन्स चालवावी. तसे न केल्यास पुढच्या गडद कपड्यांवर पांढरे ठिपके दिसतात.

एकदा सुटू लागलेली पाठ पुन्हा घट्ट होत नाही. कापड चांगले असेल तर सुटणारे रबर खरवडून काढावे आणि पायपुसण्याखाली गालिच्याखाली घालतात तशी न घसरणारी जाळी कापून अंथरावी.