कोकवरची ड्युटी आणि कोकचा कोटा: ॲंटी-डंपिंग वेगळे, सेफगार्ड वेगळे

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छेतल्या फाउंड्रीवाल्याला हार्ड कोक महागला की पहिला प्रश्न पडतो, "सरकारने ड्युटी लावली का?" कुठल्या प्रकारची, हे फारसे कोणी विचारत नाही. भांडायचे कशावर, हे मात्र त्यावरच ठरते. लो ॲश मेटलर्जिकल कोकवर, म्हणजे कमी राखेच्या हार्ड कोकवर, ॲंटी-डंपिंग आणि सेफगार्ड हे दोन्ही उपाय वापरले गेले आहेत, म्हणून तेच उदाहरण घेतो.

नोव्हेंबर २०१६ मध्ये या कोकवर पाच वर्षांसाठी ॲंटी-डंपिंग ड्युटी लागली. चीनच्या मालावर टनाला २५.२० डॉलर, ऑस्ट्रेलियाच्या मालावर १६.२९ डॉलर. पाचशे टन चिनी कोकवर १२,६०० डॉलर भरायचे, तेवढ्याच ऑस्ट्रेलियन कोकवर ८,१४५. माल एकच, पण आकारणी देशाप्रमाणे बदलते, कारण इथे आरोप ठरावीक देशांच्या विक्रेत्यांवर असतो. ते स्वतःच्या देशात विकतात त्याहून स्वस्तात भारतात विकतात, आणि त्यामुळे इथल्या उत्पादकाचे खरेच नुकसान होते, असा तो आरोप.

जानेवारी २०२५ पासून याच कोकवर कोटा आला. पहिल्या सहा महिन्यांत देशात येऊ शकत होता सुमारे १४.२७ लाख टन, तोही देशनिहाय वाटून. हा उपाय सेफगार्डच्या कुळातला. इथे कोणी लबाडी केली असे सरकारला सिद्ध करावे लागत नाही. आयात अचानक वाढली आणि तिच्यामुळे देशी उद्योगाला गंभीर इजा झाली, एवढे पुरते. सेफगार्ड ड्युटीच्या रूपातही येते. एप्रिल २०२५ मध्ये सपाट पोलादावर २०० दिवसांसाठी १२ टक्के लावली, ती तशीच. ड्युटी भरली की माल सुटतो, पण कोटा संपला की पैसे मोजूनही माल येत नाही. छोट्या फाउंड्रीला हे अधिक जाचते.

आता विरोध कसा करायचा. दोन्हींची चौकशी दिल्लीतले व्यापार उपाय महासंचालनालय, म्हणजे डीजीटीआर, करते. ॲंटी-डंपिंगमध्ये ते शिफारस करते आणि ड्युटी अर्थ मंत्रालय लावते. चौकशी सुरू झाल्याची सूचना निघाली की साधारण ३० दिवसांत नाव नोंदवून प्रश्नावली भरायची असते. आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. बरेच जण व्यापाऱ्याकडून कोक घेतात, "आपण आयातदार नाही" म्हणून गप्प बसतात, आणि दर लागल्यावर जागे होतात. ॲंटी-डंपिंगच्या नियमांत माल वापरणाऱ्या उद्योगालाही म्हणणे मांडायची संधी आहे. त्यामुळे दहा-बारा फाउंड्र्यांनी मिळून एकच निवेदन देणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. गोपनीय आकडे दिले तर सोबत सर्वांना दाखवता येईल असा सारांशही द्यावा लागतो, नाहीतर ते आकडे बाजूला ठेवले जाऊ शकतात.

ॲंटी-डंपिंगमध्ये मुद्दे विक्रेत्याच्या किमतीभोवती फिरतात, आणि त्याचे हिशेब तुमच्या हातात नसतात. म्हणून आपल्या पुरवठादाराला चौकशीत उतरायला लावणे हाच मोठा डाव. तो सहकार्य करतो तेव्हा त्याचा स्वतंत्र, बहुधा कमी दर ठरतो. गप्प बसला तर 'इतर सर्व' या ओळीतला दर त्याच्या मालाला लागतो. सेफगार्डमध्ये विक्रेत्याच्या किमतीचा असा हिशेब नसतो. तिथे विचारायचे ते असे: वाढ खरेच अचानक होती का, की देशी भट्ट्यांचा पुरवठाच अपुरा होता? नुकसान आयातीमुळे झाले, की कोळशाच्या भावामुळे?

दोन्हीकडे चालणारा आणि माझ्या मते सर्वात कामाचा मुद्दा म्हणजे मालाची व्याख्या. फेरो-अलॉय उद्योगाला लागणारा अतिकमी फॉस्फरसचा बारीक कोक कोकच्या प्रकरणांत वगळला गेला. लोखंड वितळवणाऱ्या तुमच्या क्युपोला भट्टीला लागणारा आकार, राख आणि फॉस्फरसचे प्रमाण देशी मालात मिळत नसेल, तर चाचणी अहवाल, मागणीपत्रे आणि देशी उत्पादकाचे नकाराचे पत्र जोडा. "परवडत नाही" एवढ्याने वगळणूक मिळत नाही.

ड्युटी लागल्यावर दोन वेगळ्या वाटा उरतात. डंपिंग किंवा इजेचा निष्कर्षच चूक वाटत असेल तर सीमाशुल्क, उत्पादनशुल्क व सेवाकर अपील न्यायाधिकरणात ९० दिवसांत अपील करावे लागते. निष्कर्ष मान्य असेल, पण तुमच्या खेपेला चुकीचा दर लावला असेल, तर वाद बिल ऑफ एन्ट्रीच्या, म्हणजे कस्टम्सला दिलेल्या आयातीच्या कागदाच्या, आकारणीचा आहे. त्याचे अपील सीमाशुल्क आयुक्तांकडे (अपील) ६० दिवसांत. मुरगाव बंदरावर अधिकाऱ्याशी "हे डंपिंगच नाही" असा वाद घालण्यात दिवस जातात. अधिसूचना बदलण्याचा अधिकार त्याला नाही. त्याच्यासमोर मूळ देशाचे प्रमाणपत्र, उत्पादकाचे नाव आणि चाचणी अहवाल ठेवा, आणि अधिसूचनेच्या तक्त्यातल्या कोणत्या ओळीत तुमचा माल बसतो ते दाखवा. चिनी कोक दुसऱ्या देशातून फिरवून आणला तरी त्याचा मूळ देश बदलत नाही.